काळ्या छत्रीवर भुरी आणि काड्यांना गंज : आधी काय करावे आणि वाळवावी कशी?

सांजवारा (इंदिरानगर) | ११ जून, रात्री ९.१०

नमस्कार. आमच्या घरी सासऱ्यांची लांब दांड्याची, काळ्या सुती कापडाची, आठ काड्यांची आणि वेताच्या मुठीची छत्री आहे. गेल्या वर्षी परतीच्या पावसात ती भिजली, वरवर पुसून कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माळ्यावर टाकली. परवा मृगाची पहिली सर आली म्हणून ती काढली, तर कापडाच्या घड्यांत पिठासारखी पांढुरकी भुरी पसरलेली होती, दोन पाकळ्यांवर काळसर ठिपके होते आणि बंद कपाटासारखा कुबट वास येत होता. उघडताना ती करकरली आणि माझ्या पांढऱ्या ओढणीवर तपकिरी भुगा पडला. काड्यांना गंज आहे, आणि जिथे त्या कापडाला शिवलेल्या आहेत तिथे कापडावरही तांबूस डाग उतरले आहेत.

नवी छत्री घेता येईल हे मला ठाऊक आहे. परंतु सासरे हीच छत्री घेऊन फिरायला जातात आणि दुसरी हातात धरत नाहीत. आधी कापड धुवावे की आधी गंज काढावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की या दिवसांत ऊन नसताना ती पूर्ण वाळली हे ओळखायचे कसे?

गोदाकाठ (पंचवटी) | ११ जून, रात्री ९.४८

ताई, सोपे आहे. पांढरे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, फेस येईल, तो ब्रशने कापडावर आणि काड्यांवर चोळा. बुरशी आणि गंज दोन्ही निघतात. नंतर धुऊन काड्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवा, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे खोबरेलच लावतो.

निफाडचा_मळेकरी | १२ जून, सकाळी ६.३०

धाग्याच्या नावात भुरी दिसली म्हणून उघडला. आमच्याकडे द्राक्षावर भुरी आली की गंधकाची फवारणी होते. पाण्यात विरघळणारे गंधक घरात पडलेले आहे. छत्रीवरही ते चालेल का? प्रमाण बागेचेच ठेवावे का?

सातपूरकर | १२ जून, सकाळी १०.१५

मी एकतीस वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात मुलामा देण्याच्या खात्यात काम केले आणि माझे मामा पावसाळ्याचे चार महिने मेन रोडला छत्र्या दुरुस्त करायला बसत. त्यामुळे गंज आणि छत्री या दोहोंशी माझा थोडा संबंध आला आहे.

मळेकरी, गंधक नको. तुमच्या वेलीवरची भुरी केवळ जिवंत पानावर, घडावर जगते. वेल तोडून वाळली की तीही संपते. छत्रीवरची बुरशी निराळ्या जातीची असते. ती मेलेल्या वस्तूवर वाढते, म्हणजे सुताचा धागा, कापडाला दिलेली खळ, हाताचा घाम आणि साचलेली धूळ यांवर. शिवाय गंधक ओलसर लोखंडाजवळ राहिले तर काड्यांचा निकाल लावील.

गोदाकाठ, आपण सांगितलेल्यातले व्हिनेगर बरोबर आहे, पण सोड्याबरोबर नव्हे. आम्ल आणि सोडा एकत्र आले की दोघे एकमेकांना मारतात, फेस दिसतो आणि हातात जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. खोबरेलाविषयी खाली लिहितो.

सांजवाराताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर : आधी गंज, तोही कोरडा असताना. कापड आधी धुतले तर ओल्या काडीवरचा सुटा गंज पाण्यात मिसळून कापडात उतरतो आणि आज टाक्यांजवळ असलेला डाग बोटभर रुंद होतो. उलट कोरडा गंज भुग्यासारखा झटकता येतो. म्हणून क्रम असा ठेवा : कोरडी भुरी घराबाहेर झटकणे, कोरडा गंज घासणे, मग कापड धुणे, त्याच दिवशी वाळवायला लागणे, आणि पूर्ण वाळल्यावरच तेल. हा क्रम उलटला की काम दुप्पट होते.

मात्र हात घालण्याआधी दोन परीक्षा करा. दोन काड्यांच्या मधले, शिवणीजवळचे कापड चिमटीत धरून बेताने ओढा. ते ताणले न जाता कागदासारखे फाटले, तर बुरशीने धागाच खाल्ला आहे आणि धुण्यात अर्थ नाही. मग प्रत्येक काडीचे टोक बोटाने जरासे दाबून सोडा. चांगली काडी लवून परत जागेवर येते. एखादी एका ठिकाणी कोन करून वाकली आणि तशीच राहिली, तर गंजाने तिला आतून पोखरले आहे. ती घासून बरी होणार नाही, बदलावी लागेल.

आणि एक सांगा : गंज कुठे जास्त आहे, काठाकडच्या टोकांना की वर टोपीखाली, जिथे आठही काड्या एकत्र येतात तिथे?

सांजवारा | १२ जून, दुपारी २.०५

काका, मनःपूर्वक आभार. कापड ओढून पाहिले, ते घट्ट आहे. सात काड्या लवून परत येतात, एक मात्र मधल्या जोडापाशी किंचित वाकडी राहते. गंज सर्वांत जास्त वरच्या टोपीखाली आहे. तिथली बारीक तारेची कडी पूर्ण तांबूस झाली आहे. काठाकडची टोके जवळजवळ स्वच्छ आहेत. याचे मला आश्चर्य वाटले, कारण पाणी तर काठावरून गळते.

सातपूरकर | १२ जून, सायंकाळी ५.४०

मला हेच अपेक्षित होते. तुमच्याकडे ओली छत्री मिटून, मुठीने खुंटीला अडकवून ठेवतात ना? तशी टांगली की तिचे टोक खाली येते आणि कापडाच्या घड्यांतले सगळे पाणी उतरून टोपीखाली जमते. तिथे कापडाचे सर्वांत जास्त थर, आठ काड्यांची मुळे आणि त्यांना ओवणारी लोखंडी तार एकाच जागी असतात आणि हवा मुळीच जात नाही. काठ दोन तासांत वाळतो, टोपीखाली मात्र दोन दोन दिवस ओल राहते. मामांकडे येणाऱ्या छत्र्यांत ही तार तुटून काड्या सुटलेल्या पुष्कळ असत, आणि गिऱ्हाईक मात्र वाऱ्याला दोष देत असे.

आता गंज काढण्याविषयी. छत्री उघडा, उलटी करून टेबलावर ठेवा आणि ज्या काडीवर काम करायचे तिच्यामागे, काडी आणि कापड यांच्यामध्ये, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची पट्टी सरकवा. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा दोन बोटे रुंद तुकडा दुमडून काडीच्या लांबीच्या दिशेने घासा, आडवा घासू नका. काडी सळईसारखी भरीव नसते, पन्हाळीसारखी आतून पोकळ असते आणि खरा गंज त्या पन्हाळीत बसतो. तिथे पेपर पोचत नाही, म्हणून तो बांबूच्या काडीला गुंडाळून फिरवा. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक तंतू जोडात अडकतात आणि पहिल्याच पावसात ते स्वतःच गंजतात.

सगळी काडी चकाकली पाहिजे असा हट्ट नको. बोट फिरवल्यावर तपकिरी भुगा लागायचा थांबला की पुरे. जास्त घासलेत तर उरलेला मुलामाही जाईल.

कॉलेजरोड_स्कूटर | १२ जून, रात्री ८.२०

माझीही अशीच तक्रार आहे, म्हणून इथेच विचारते. माझी तीन घडीची छत्री गाडीच्या डिक्कीत असते. तिच्या आतला चंदेरी लेप चिकट झाला आहे, उघडताना कापड एकमेकांना चिकटते आणि त्याचे तुकडे हाताला लागतात. ही पण बुरशीच ना? ब्लीच पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवू का?

सातपूरकर | १२ जून, रात्री ९.००

ती बुरशी नव्हे. डिक्कीतल्या उष्णतेने आणि ओलीने तो लेपच विघटित झाला आहे आणि तो पूर्ववत होत नाही. तुमची छत्री पाणी अडवीत नसेल तर कोरड्या दिवसांत उन्हासाठी वापरा, एवढेच सांगता येईल.

ब्लीच मात्र कोणीही वापरू नका. काळे सूत तांबडे पडते, नायलॉन अशक्त होते, काड्या रात्रीतून गंजतात आणि कापडावरचा गंजाचा डाग आणखी पक्का होतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे कोणी केले तर छत्रीपेक्षा माणसाची चिंता करावी लागेल.

गोदाकाठ | १२ जून, रात्री ९.३५

सोड्याचे मान्य. पण खोबरेलाला आपण नुसतेच बाजूला सारलेत, कारण सांगितले नाहीत. आमच्या बिजागऱ्या आजही कुरकुरत नाहीत.

सातपूरकर | १२ जून, रात्री १०.१०

रास्त आहे. बिजागरी रोज हलते आणि तिला कापड लागून नसते. छत्री आठ महिने माळ्यावर पडून राहते. तेवढ्या काळात खोबरेलावर धूळ बसते आणि नाशिकच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठते तसे जोडातही गोठते. शिवाय ते खाद्य तेल आहे, त्यामुळे आपण जिला हाकलतो आहोत त्याच बुरशीला आयते खाणे मिळते. शिवणयंत्राचे तेल पातळ राहते. तेही टाचणीच्या टोकावर घेऊन प्रत्येक जोडाला एकच थेंब लावायचा आणि लगेच चिंधीने टिपायचा. काड्यांवर तेल फासायचे नाही, नाहीतर कापडावर कायमची रेघ उमटते. काडीचा उघडा पडलेला भाग झाकायला रंगहीन नखपॉलिशचा पातळ हात पुरतो. पण जोडाच्या रिबिटीवर ते जाऊ देऊ नका, छत्री मिटायची नाही.

सांजवारा | १५ जून, रात्री ८.३०

आज रविवार असल्यामुळे काम हाती घेतले. सविस्तर लिहिते, म्हणजे माझे चुकले कुठे तेही कळेल.

सकाळी गच्चीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशने भुरी झटकली. नंतर वर सांगितल्याप्रमाणे काड्या घासल्या. कॅलेंडरच्या पट्टीची युक्ती फारच उपयोगी पडली, कारण प्रत्येक काडीमागे पट्टीवर चमचाभर तपकिरी भुगा साचत होता. सहाव्या काडीला कंटाळून मी पट्टी लावली नाही, आणि त्या पाकळीवर घासल्यासारखा तांबूस पट्टा उमटला.

धुण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा भांड्यांचा द्रव साबण घातला आणि छत्री उघडी ठेवूनच टोपीकडून काठाकडे स्पंजने पुसत आले. ठिपक्यांवर निम्मे पाणी आणि निम्मे व्हिनेगर लावले. आधी बांधायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लावून रंग जात नाही हे पाहिले. वीस मिनिटांनी मगने स्वच्छ पाणी ओतून चार वेळा धुतले. मूठ ओली होऊ दिली नाही.

भुरी गेली, वास जवळजवळ गेला, पण काळसर ठिपक्यांच्या खुणा राहिल्या आहेत. बुरशी अजून जिवंत आहे असे समजायचे का?

मला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची एक कल्पना सुचली. धुण्याआधी छत्री ६१२ ग्रॅम होती. धुऊन, जोरात झटकल्यावर ७९० भरली. हॉलमध्ये उघडून पंख्याखाली ठेवली आहे. पाच तासांनी हाताला कापड पूर्ण कोरडे लागले आणि मी मिटणारच होते, पण काट्याने ६४० दाखवले. म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या छत्रीत अजून २८ ग्रॅम पाणी होते!

सातपूरकर | १५ जून, रात्री ९.१५

काट्याची युक्ती मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती. ते २८ ग्रॅम कुठे आहे ते पाहायचे असेल तर वर्तमानपत्राची बोटभर पट्टी पिळून टोपीखाली, काड्यांच्या मुळाशी खोचा आणि दहा मिनिटांनी काढा. ती दमट निघेल. थोडे पाणी शिवणींच्या दुमडीत असते, आणि काही वेळा दांड्याच्या पोकळीतही असते.

आता रात्रभर पंखा चालू ठेवा आणि खिडकी चार बोटे उघडी ठेवा. बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. छत्री जमिनीवर मूठ खाली, टोपी वर अशी उघडी ठेवा, म्हणजे उरलेले पाणी टोपीपासून दूर, काठाकडे उतरेल. न्हाणीघरात वाळवायची सवय अनेक घरांत असते, पण पावसाळ्यात घरातली सर्वांत ओली हवा तिथेच असते.

ठिपक्यांच्या खुणा म्हणजे जिवंत बुरशी नव्हे. तो तिने धाग्यात सोडलेला रंग आहे आणि तो बहुधा राहील. आठवड्याने बोट फिरवून पाहा. बोटाला पीठ लागले किंवा वास परतला, तर ती जिवंत आहे.

आडगावकर | १६ जून, सकाळी ७.५०

वाळवण्याबाबत माझे मत वेगळे आहे. आमच्या घरी ओली छत्री कधीही पूर्ण उघडी ठेवत नाहीत, अर्धी उघडी ठेवतात. ओले सूत वाळताना आखडते आणि पूर्ण ताणलेल्या काड्यांवर ते आखडले की टोकांचे टाके तुटतात. वडिलांच्या छत्रीचे असे दोन टाके तुटलेले मी पाहिले आहेत.

सातपूरकर | १६ जून, सकाळी ९.३०

सुती कापडाबाबत आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः टाके जुने असतील तर. पण अर्ध्या उघडलेल्या छत्रीत घड्यांच्या आत हवा जात नाही आणि बुरशी नेमकी घड्यांतच येते. मी पूर्ण उघडतो आणि दर तासाला एकदा मिटून पुन्हा उघडतो, म्हणजे घड्या जागा बदलतात. पॉलिस्टरला हा प्रश्नच नाही, ते आखडत नाही.

आडगावकर | १६ जून, सकाळी ९.५५

दर तासाला उठून छत्री मिटायला घरी निवृत्त माणूस लागतो. आम्ही पहिले दोन तास अर्धी आणि मग पूर्ण उघडी ठेवतो, आमचे टाके शाबूत आहेत. आपले आपल्यापाशी.

सांजवारा | १६ जून, रात्री ९.२०

आजचे आकडे : सकाळी सहा वाजता ६१८, सायंकाळी ६१३. कागदाची पट्टी कोरडी निघाली. पण एक नवे विघ्न आले. काल जिथे काड्या लख्ख घासल्या होत्या, तिथे आज पिवळसर तांबूस पातळ थर दिसतो आहे. रात्रीतून पुन्हा गंज आला का?

सातपूरकर | १६ जून, रात्री १०.००

हो, आणि चूक माझी आहे, मी आधी सांगायला हवे होते. घासून उघडे पडलेले लोखंड आणि व्हिनेगरचे उरलेले अंश असलेले पाणी एकत्र आले की काही तासांत असा थर येतो. तो वरवरचा आहे, कोरड्या चिंधीने आणि पेपरच्या दोन हातांनी जाईल. यानंतर मात्र थांबू नका, लगेच नखपॉलिश लावा आणि जोडांना तेल द्या. पुढच्या वेळी धुताना काड्यांवरचे पाणी झटकल्याबरोबर चिंधीने टिपून घ्या, पंख्यावर सोडू नका.

टोपीखालची तार कशी आहे? तिला नखपॉलिश उपयोगाचे नाही.

सांजवारा | १८ जून, रात्री ८.४५

थर निघाला, नखपॉलिश आणि तेल झाले. तारेवर नख फिरवले तर पापुद्रे निघाले. म्हणून आज ती छत्री भद्रकालीतल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे नेली. त्यांनी टोपी काढून तार बदलली आणि ती वाकडी काडीही बदलली. जुनी काडी त्यांनी माझ्यासमोर दोन बोटांनी मोडून दाखवली. मोडलेल्या जागी आत लोखंड जेमतेम कागदाएवढे उरले होते.

सहाव्या पाकळीवरचा गंजाचा पट्टा राहिला आहे. त्यावर लिंबू आणि मीठ चोळावे असे ते म्हणाले, पण काळा रंग उडेल अशी मला भीती वाटते. कोणी काळ्या सुतावर करून पाहिले आहे का?

गोदाकाठ | १८ जून, रात्री ९.१०

मी पांढऱ्या चादरीवर केले आहे, डाग पूर्ण गेला. काळ्यावर कधी केले नाही.

सातपूरकर | १८ जून, रात्री ९.४०

लिंबू गंज विरघळवते हे खरे, पण काळ्या रंगाचे मी सांगू शकत नाही, प्रत्येक रंग निराळा वागतो. बांधायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून अर्धा तास पाहा. आणि करायचेच असेल तर कापडामागे प्लास्टिक धरा, रस काडीवर जाऊ देऊ नका, नाहीतर तो पिवळा थर पुन्हा येईल आणि तुम्ही पुन्हा मलाच विचाराल.

निफाडचा_मळेकरी | १९ जून, सकाळी ६.१५

गंधक नको हे कळले. आमच्या ओसरीत चार छत्र्या मुठीने खुंटीला टांगलेल्या आहेत, चारही ओल्या. आता खाली काढून उघड्या ठेवल्या आहेत. एकीची टोपी हलते आहे. भद्रकालीतले ते दुरुस्तीवाले कोणत्या वेळी बसतात?

सांजवारा | १९ जून, सकाळी ८.००

साधारण अकरापासून अंधार पडेपर्यंत. जोराचा पाऊस असला की दुकान उशिरा उघडते, असे त्यांनीच सांगितले.